देताना फ्रेम, घेताना फ्रेम

अगं,

काल रात्री एक वाजता पाठवलेल्या तिन्ही व्हॉइस नोट सकाळी चहा घेता घेता ऐकल्या. फोन केला नाही कारण फोनवर मी ओरडलो असतो, लिहिताना जरा कमी ओरडतो.

म्हणजे झालं असं की नवीन कॅमेरा बॉडी आल्यापासून तुझी जुनी सोनी ए सेव्हन थ्री कपाटात पडून होती, तू ती ओएलएक्सवर आणि दोन फेसबुक ग्रुपवर टाकलीस, दिवसाला १५०० भाडं, ५००० डिपॉझिट. एक मुलगा संगीतच्या शूटला घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी वेळेवर आणून दिली, वरून बघितलीस तर स्क्रॅच नाही काही नाही, डिपॉझिट परत पाठवणार तेवढ्यात सहज भिंतीचा एक फोटो काढलास आणि मधोमध उभी जांभळी रेघ. आणि तो म्हणतोय, मॅडम ही आधीपासूनच होती. आता पाच हजार ठेवू की परत देऊ, हे तू मला विचारतेस.

पाच हजाराचं नंतर. मला आधी हे सांग, कॅमेरा त्याच्या हातात देताना एक तरी फ्रेम काढून ठेवली होतीस का? नाही ना. मग तो खोटं बोलतोय हे तुला कशावरून माहीत? मला पण माहीत नाही.

रेघ कसली ते मात्र मी पैजेवर सांगतो, लेझर. संगीतला डीजेवाले स्टेजवरून लेझर मारतात, विसर्जन मिरवणुकीत मारतात तसेच. तो किरण लेन्समधून आत गेला की लेन्सच त्याला सेन्सरवर एका टिंबात गोळा करते, आणि एका क्षणात ते टिंब जळतं, त्याच्याबरोबर कधी पूर्ण उभी किंवा आडवी ओळ जाते. डीएसएलआरमध्ये निदान व्ह्यूफाइंडरमधून बघताना आरसा मधे असतो. तुझ्या मिररलेसमध्ये कॅमेरा चालू आहे तोवर सेन्सर उघडाच, रेकॉर्डिंग चालू असो वा नसो. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून तर घेताना तू फसलीस. ओरखडा, डेंट, हे सगळे बघतात. जळलेला सेन्सर बघायला फोटोच काढावा लागतो.

म्हणून मी गेली कित्येक वर्षं येणाऱ्या जाणाऱ्याला तेच सांगतो, देताना फ्रेम, घेताना फ्रेम. दोनच फ्रेम आहेत गं, पाच मिनिटांचं काम. पहिली, एफ/१६ ला, आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून पूर्ण बिघडवायचा आणि पांढरी भिंत नाहीतर मोकळं आभाळ भरून फोटो. धूळ असेल तर मऊ, पसरट काळे ठिपके दिसतात आणि ब्लोअर मारला की हलतात नाहीतर जातात. जळालेलं हलत नाही, कडा धारदार, बऱ्याचदा रंगीत, आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी. दुसरी फ्रेम बॉडी कॅप लावून, आयएसओ १६०० आणि एक सेकंद, पूर्ण काळी. त्यात दोन चार ठिपके चमकले तर घाबरू नको, ते प्रत्येक सेन्सरमध्ये असतात, रेघ किंवा झुबका दिसला तर गडबड. या दोन्ही फ्रेम समोरच्याला स्क्रीनवर झूम करून दाखवायच्या आणि तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, पण डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवलंस तर व्हॉट्सॲप त्याचा चुरा करतं आणि नेमकी रेघच पुसली जाते. त्याच चॅटमध्ये बॉडी, लेन्स, बॅटऱ्या, चार्जर, बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर, परत करायची तारीख वेळ, आणि 'नुकसान झालं तर सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट घेणाऱ्याने भरायचं' ही ओळ. तो 'ओके' म्हणेपर्यंत बॅग हातातून सोडायची नाही. परत आला की त्याला उभं करून पुन्हा त्याच दोन फ्रेम. तो म्हणेल घाई आहे, गाडी खाली उभी आहे. असू दे उभी.

आता तुझ्याकडे देतानाची फ्रेम नाहीच, तर दुसरीकडून शोधू. त्याला प्रेमाने सांग की संगीतच्या सगळ्या क्लिप दाखव, कार्डवरच्या, ओरिजिनल. सोनीत फाइल C0001.MP4 अशा सलग नंबरने येतात, त्यामुळे मधली एखादी गाळली तर लगेच कळतं. पहिल्या क्लिपमध्ये अंधारातली जागा बघ, रेघ तिथेच आहे का. नसेल तर पुढे पुढे जात राहा, कुठेतरी हिरवा नाहीतर निळा झोत थेट लेन्समध्ये येईल आणि त्यानंतरच्या प्रत्येक फ्रेममध्ये रेघ असेल. तसं सापडलं तर भांडायचं कामच नाही, क्लिप त्यालाच दाखव, शहाणा असेल तर गप्प बसेल.

पण त्याच्याही आधी एक कर, आणि हे तुला आवडणार नाही. तू स्वतः त्या बॉडीवर शेवटचं जे लग्न केलंस त्याच्या रॉ फाइल उघड. तिथेही डीजे होताच ना? रेघ त्यात सापडली तर पाच हजार आजच परत आणि सॉरी पण म्हण.

हे मी का सांगतोय ते ऐक. २०१९ मध्ये सांगलीकडचा एक मुलगा सीझनला पुण्यात आला होता, त्याला मी माझी डीएसएलआर भाड्याने दिली. परत आली तर आभाळाच्या फोटोत बारीक तिरकी खरवड. त्याच्या ७००० डिपॉझिटमधले मी ६००० कापून घेतले. तो म्हणत होता, सर मी लेन्ससुद्धा काढली नाही. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. चारेक महिन्यांनी जेजुरीच्या एका कामाचा अल्बम करायला जुनी हार्ड डिस्क उघडली, गडावरून काढलेलं आभाळ, एफ/१६, आणि तीच खरवड, त्याच जागी. तारीख त्याने कॅमेरा नेण्याच्या तीन आठवडे आधीची. त्या कामाच्याही आधी एकदा भंडारा आत गेला म्हणून मी घरी स्वॅबने सेन्सर पुसला होता, खरवड माझीच. त्याला फोन लावला, नंबर बंद. अजून एकदोघांकडे विचारलं, मग सोडून दिलं. नंतर बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की त्याने पण एक दिवस उशीर केला होता, लेन्सची कॅप हरवली होती, सहा हजार काही फार नव्हते. कॅप दीडदोनशे रुपयांना मिळते. पण काय करणार, त्या वर्षी माझेही हप्ते चालू होते, आणि तेव्हा मला ही दोन फ्रेमची पद्धत कोणी सांगितली नव्हती. असो.

म्हणून म्हणतो, देतानाची फ्रेम फक्त तुझ्यासाठी नसते, ती त्याचीही पावती असते.

डिपॉझिटचं तू विचारलंस, ५००० कमी होते का. तू दोन वेगळ्या भीती एकाच रकमेत कोंबतेस. कॅमेरा घेऊन पळाला तर, ही एक. मोडून आणला तर, ही दुसरी. पळणाऱ्याला डिपॉझिट अडवत नाही, सत्तर हजाराची वस्तू पाच काय पंधरा हजारात सुद्धा त्याला स्वस्तच पडते, आणि पूर्ण किंमत डिपॉझिट मागितलीस तर प्रामाणिक पोरं येणारच नाहीत, त्यांच्याकडे तेवढे असते तर त्यांनी स्वतःचाच घेतला नसता का. तेव्हा डिपॉझिट मोडतोडीपुरतं ठेव. हॉट शू वाकला, डायल तुटला, फिल्टर रिंगला डेंट, असली कामं निघतील एवढं. मी बॉडीला दहा आणि मोठ्या झूमला सात घेतो. सेन्सर त्यात बसत नाही, मला एकदा आलेलं सेन्सरचं एस्टिमेट त्या बॉडीच्या सेकंडहँड किमतीच्या अर्ध्याहून जास्त होतं, त्यासाठीच ती चॅटमधली ओळ. आणि संगीत, हळद किंवा मिरवणूक असेल तर आधीच विचार, लेझर आहे का. आहे म्हणाला तर जास्त डिपॉझिट घे नाहीतर सरळ नाही म्हण, मी नाहीच म्हणतो, लोक मला खडूस म्हणतात, म्हणू देत.

पळण्याच्या भीतीला उत्तर ओळख. आधारची झेरॉक्स म्हणजे ओळख नव्हे, ती कोणीही करून आणतो. आधारवरचा क्यूआर यूआयडीएआयच्या ॲपने स्कॅन कर, नाव फोटो जुळतो का बघ. मग डिपॉझिट त्याच्याच खात्यातून यूपीआयने घे, म्हणजे बँकेतलं नाव आधारच्या नावाशी जुळतं का ते आपोआप कळतं. मित्राच्या खात्यातून टाकतो म्हणाला तर थांब. स्क्रीनशॉटवर विश्वास नाही, स्वतःच्या बँकेत जमा दिसलं तरच. आणि मी मिलिटरीत आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, असं कोणी म्हटलं तर ब्लॉकच कर, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पुण्यात अजून एक गोम आहे, आधारवर पत्ता लातूरचा आणि राहतो कुठेतरी कॉट बेसिसवर. त्यात चूक काही नाही, मी पण तसाच राहिलोय. पण मग ज्यांच्याबरोबर त्याने काम केलंय अशा दोन फोटोग्राफरचे नंबर घे आणि खरंच फोन कर. इन्स्टावर फॉलोअर बघू नको, त्याला दुसऱ्यांनी टॅग केलेले जुने फोटो बघ. आणि बोलता बोलता विचार, शूट कुठे, कोणता हॉल, लेन्स कोणती लावणार. काम करणारा पोरगा उलट तुलाच छळतो, शटर काउंट किती, बॅटऱ्या किती, कार्ड कोणतं. ज्याला फक्त 'आजच पाहिजे, ड्रायव्हर पाठवतो' एवढंच म्हणायचंय त्याला देऊ नको. आधारवर ज्याचं नाव तोच न्यायला येणार. आणि तू घरी कोणाला बोलावू नको, माझ्या स्टुडिओत बोलाव, दिवसा, भिंत पण पांढरी आहे.

खरंच कोणी परत केला नाही तर पोलीस आधी म्हणतील हा तुमचा आपसातला व्यवहार. तेव्हा बिल, सिरियल नंबर, ते चॅट आणि आधार समोर ठेवायचं. विश्वासाने दिलेली वस्तू लाटणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३१६, आधी आयपीसी ४०६ होतं. म्हणून लिस्टिंगच्या फोटोत सिरियल नंबर झाकत जा, तुझ्या जाहिरातीवरून दुसऱ्यानेच खोटं बिल बनवायला नको. इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नको, माझ्या पॉलिसीत तरी स्वतःहून भाड्याने दिलेली वस्तू बसत नव्हती, आणि हे मला क्लेम टाकल्यावर कळलं.

आता त्या मुलाला 'चोर' वगैरे काही लिहिलं असशील तर डिलीट कर. रॉ फाइल आज बघ, क्लिप उद्यापर्यंत माग, तोवर पाच हजार तसेच ठेव आणि त्याला तसं स्पष्ट लिहून कळव, की बघून शनिवारपर्यंत सांगते. क्लिप देतच नाही म्हणाला तर मला सांग, मी बोलतो त्याच्याशी. रविवारी बॉडी घेऊन ये, दहाच्या आत, साडेदहाला मला हडपसरला साखरपुडा आहे. बॅटरी चार्ज करून आण, मागच्या वेळेसारखी नको.