खुलाशातली ती ओळ आधी दुरुस्त करा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या डिस्पॅच ऑफिसात मी सहा वर्षं आहे. मायग्रेनमुळे महिन्यातून दोन-तीनदा नऊऐवजी साडेदहा-अकराला पोचते. दोन मेमो आले. दोन्ही वेळा 'घरगुती अडचणीमुळे उशीर झाला, पुन्हा होणार नाही' असं लिहून सही करून दिलं. आता मॅनेजर साहेबांना खरं सांगायचंय. नोकरीवर येईल का? काय आणि कसं सांगू?

ताई, सांगा. पण तोंडी नको, आणि तिसरा मेमो यायच्या आत. अशी पत्रं मला सारखी येतात. कुणाला दमा असतो, कुणाला शुगर, कुणाची पाठ धरते. मेमो हातात पडला की माणूस घाबरतो, 'घरगुती अडचण' लिहून देतो आणि मिटलं समजतो. मिटत नाही. तो कागद फाइलला लागतो, आणि तुमचं सगळं प्रकरण आज त्याच एका ओळीवर अडलंय.

कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, गैरवर्तनाची यादी असते. त्यात बहुतेक ठिकाणी 'सवयीने उशिरा येणे' हे शब्द सापडतात. तुमच्याकडे ते आदेश नसतील तर नेमणूकपत्र काढून वाचा, त्यात असंच काहीतरी असेल. यातला जीव 'सवयीने' या शब्दात आहे. एखाद-दुसरा उशीर पुरत नाही, तो वारंवारचा असावा लागतो; आणि आजाराने झालेला उशीर ही बेफिकिरी नव्हे, असं तुम्हाला मांडता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात म्हटलंय की आजारपणासारख्या हाताबाहेरच्या कारणाने माणूस गैरहजर राहिला, तर ती मुद्दाम केलेली गैरहजेरी धरता येत नाही. ते प्रकरण सरकारी नोकराचं होतं आणि गैरहजेरीचं होतं, त्यामुळे खासगी कंपनीतल्या उशिराला ते जसंच्या तसं लागेल अशी हमी मी देत नाही. पण चौकशीत त्यावर नक्की बोट ठेवता येतं.

अडचण ही की तुम्ही स्वतःच्या सहीने दुसरं कारण दिलंय, वर 'पुन्हा होणार नाही' असा शब्द दिलाय, आणि पुन्हा झालंय. चार्जशीट आल्यावर मायग्रेन सांगितलंत तर समोरचा वकील एकच शब्द वापरेल : पश्चातबुद्धी.

माझ्या एका पक्षकाराचं हेच झालं. त्याने सुपरवायझरला वर्षभर तोंडी सांगितलं होतं, अधूनमधून मेसेजही केले होते. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, मला काही माहीत नाही. मेसेज जुन्या मोबाइलबरोबर गेले होते. डॉक्टरांची चिठ्ठी आणली ती चार्जशीटनंतरच्या तारखेची. आजार खरा होता, मी त्याला गोळी घेऊन भिंतीला डोकं टेकून बसलेलं पाहिलंय. तरी कामगार न्यायालयात आमची पहिली दोन वर्षं तारखाच घेण्यात गेली. आता कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, मुंबईची खेप वाचली. पण नोकरीचा वाद सुरू होतो खालीच, आणि तिथली गती तीच आहे. म्हणून म्हणतो, हे प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊच देऊ नका.

आधी न्यूरॉलॉजिस्टकडून एक पानाचं सर्टिफिकेट घ्या. निदान, झटका अधूनमधून येतो, औषध घेतल्यावर साधारण किती तासांत तुम्ही कामाला लागू शकता, आणि एरवी कामाला तंदुरुस्त आहात, एवढंच त्यात हवं. शेवटचा मुद्दा विसरू नका. नाहीतर कागद असा वाचला जातो की ही बाई कामालाच लायक नाही. तारीख आजची. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागू नका, कुणी देतो म्हणालं तरी घेऊ नका. एमआरआय, गोळ्यांची यादी यातलं काही कंपनीला द्यायची गरज नाही.

मग पत्र. भाषा साधी ठेवा, गयावया नको :

'मला मायग्रेनचा आजार असून उपचार सुरू आहेत. सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. मला दिलेल्या दोन्ही मेमोंच्या खुलाशात मी घरगुती अडचण असे लिहिले होते. त्या दिवशी उशिराचे खरे कारण मायग्रेनचा झटका हे होते. आजाराबद्दल लिहायला संकोच वाटला. हे पत्र त्या खुलाशांसोबत फाइलला लावावे. महिन्यातून दोन-तीन वेळा सकाळी असा झटका येऊ शकतो. अशा दिवशी मी साडेआठच्या आत आपल्याला मेसेज करीन व अकरापर्यंत हजर होईन. तोवर ई-वे बिल आणि गेट पासचे काम माझ्या सहकारी पाहतील, त्यांची तयारी आहे. त्याबदल्यात त्यांचे संध्याकाळचे बिलिंग मी करीन. बुडालेला वेळ त्याच आठवड्यात भरून देईन. अकरापर्यंत येणे न जमल्यास अर्ध्या दिवसाची रजा धरावी. तीन महिन्यांनी या व्यवस्थेचा आढावा घ्यावा.'

त्या दोनपैकी एखाद्या दिवशी खरंच मुलाच्या शाळेमुळे उशीर झाला असेल, तर त्या दिवसाला मायग्रेन लिहू नका. एक खोटं निस्तरायला दुसरं लिहिलंत तर मी काय, कुणीच वाचवू शकणार नाही. वेळ भरून देताना संध्याकाळी सातच्या पुढे थांबते असंही लिहू नका. कारखान्यात बायकांना त्यानंतर थांबवायचं तर कंपनीला वेगळ्या अटी पाळाव्या लागतात, आणि साहेबांना नकाराला आयतं निमित्त मिळतं. तीन महिने म्हणायचं कारण असं की झटके कमी करणारी रोजची गोळी सुरू केली तर गुण येतो की नाही हे कळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर एक वही ठेवा : तारीख, डोकं कधी चढलं, गोळी किती वाजता, पंच किती वाजता. बायोमेट्रिकच्या नोंदीशी ती जुळली की तुमची बाजू कागदावर उभी राहते. डॉक्टरांनाही ती दाखवा, कारण महिन्यात पंधरा-पंधरा दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्याने डोकेदुखी उलट वाढते.

हक्काची भाषा मात्र पत्रात नको. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत, मायग्रेन त्यात नाही. त्यामुळे कामाची वेळ बदलून द्याच असं त्या कायद्याखाली मागता येणार नाही. न केलेल्या वेळेचा पगारही कंपनी कापू शकते. मात्र जितका वेळ बुडाला तितक्याचाच. तीन लेट मार्कला अर्धा दिवस या पद्धतीवर वाद घालता येतो, पण आत्ता घालू नका. आज तुम्हाला पगार नाही, फाइल वाचवायची आहे.

साहेबांशी आधी पाच मिनिटं बोला, आणि त्याच बैठकीत पत्र हातात द्या. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. 'राहू दे, कागद कशाला' असं म्हणाले तर वाद न घालता त्याच दिवशी ईमेल करा आणि प्रत स्पीड पोस्टने पाठवा. पावती घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. आणि यादरम्यान तिसरा मेमो आलाच, तर खुलासा लिहून सही करण्याआधी मला दाखवा.