उत्तर आलं नाही तर ‘नको’ समजा

“मुलगी पाचवीत आहे. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार म्हणून शाळेने पालकांना चिठ्ठी पाठवली आहे. नवऱ्यापासून वेगळी होऊन मी वर्षापूर्वी पुण्यात आले, आम्ही कुठे राहतो ते त्याला माहीत नाही. ‘नको’ लिहिलं तर मुलीला लेझीममधून काढतील का? आणि कारण विचारलं तर काय सांगू?”

कारण सांगू नका, हे मी त्यांना आधी सांगितलं. एकदा कारण लिहिलं की तो कागद वर्गशिक्षिकेच्या कपाटात, तिथून शिक्षकांच्या खोलीत आणि दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्या काकांपर्यंत पोचतो. ‘आमच्या घरी असं चालत नाही’ एवढंही पुरतं, आणि तेवढंही म्हणायची गरज नाही.

त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. चार घड्या घातलेली, सही न केलेली. (ही हकिगत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चिठ्ठीत होतं: “शाळेच्या विविध उपक्रमांचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करण्यात येईल. हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे. न कळविल्यास संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.”

अशा चिठ्ठ्या मी बऱ्याच शाळांतून पाहिल्या आहेत. त्यात लबाडी नसते, मागच्या वर्षीची फाइल उघडून तारीख बदललेली असते. पण शेवटचं वाक्य पाहा. ज्या पालकांना चिठ्ठी मिळालीच नाही, ती दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलात भिजली, किंवा ज्यांना वाचता आली नाही, ते सगळे या वाक्याने ‘हो’ म्हणणारे ठरतात. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची व्याख्या नेमकी याच्या उलट आहे. ती मोकळेपणाने, ठराविक कामासाठी, नीट समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी ती पालकाने द्यायची, आणि दिलेली संमती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं असायला हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या तरतुदींसाठी सगळ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. म्हणून मुख्याध्यापिकांशी बोलताना मी कायदा हातात धरून गेले नाही. कायद्याचं नाव काढलं की शाळा वकिलाकडे जाते आणि चिठ्ठी आणखी लांब होते.

त्याआधी आईला मी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, कोर्टात काही चालू आहे का? होतं. तेव्हा ही चिठ्ठी वकिलांना दाखवा आणि मुलीच्या ताब्याबद्दल किंवा भेटीबद्दल काही हुकूम झाला तर शाळेला त्याची प्रत वकिलांच्या सल्ल्यानेच द्या, एवढं सांगून तो विषय मी सोडला. तो माझा प्रांत नाही. दुसरी गोष्ट, भीती नेमकी कशाची आहे?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण सगळा मार्ग त्यावर ठरतो. बहुतेक पालकांना भीती असते ती अनोळखी माणसाची. अनोळखी माणसाला नुसत्या चेहऱ्याचा फारसा उपयोग नसतो. त्याला नाव, इयत्ता आणि शाळा लागते, आणि आपले व्हिडिओ ते ताटात वाढून देतात. मागे शाळेच्या नावाचा फ्लेक्स, निवेदिका म्हणते “इयत्ता पाचवी अ मधील…” आणि शेवटी नावांची यादी सरकते. तिथे नावं काढली तरी पुष्कळ काम होतं. या आईची गोष्ट वेगळी होती. मुलीच्या वडिलांना नावाची गरजच नव्हती. त्यांना चेहरा पुरे होता, आणि मागचा फ्लेक्स पत्ता सांगणार होता. म्हणजे या मुलीचा चेहरा व्हिडिओत येताच कामा नये, चार सेकंदही नाही.

मुख्याध्यापिका बाईंना भेटायला मी आईबरोबर गेले. माझं नातं काय ते त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. पहिलंच वाक्य मात्र अपेक्षेप्रमाणे आलं: “मग तिला या वर्षी लेझीममध्ये न घेतलेलं बरं, नाही का? उगाच धोका कशाला?”

मी म्हटलं, “बाई, तालमी दीड महिना चालल्यात. आता काढलं तर वर्गातली चाळीस मुलं तिला ‘का’ म्हणून विचारतील. मग व्हिडिओची गरजच उरणार नाही.”

त्या जरा गप्प झाल्या. मग खरी अडचण बाहेर आली. व्हिडिओ काढणारा फोटोग्राफर बाहेरचा, दोन कॅमेरे लावतो, संकलन त्याच्याच दुकानात होतं. त्याला कोण हो, कोण नको, कसं कळणार? “चेहरा धूसर करता येतो ना यूट्यूबवर?” त्यांनी विचारलं. येतो. पण चोवीस मुलांच्या रांगेत एकच चेहरा धूसर दिसला तर सगळ्यांची नजर तिथेच जाते आणि पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न तोच पडतो. शिवाय चढवल्यावर धूसर केला, तर मधल्या तासाभरात ज्यांनी व्हिडिओ उतरवून घेतला त्यांच्याकडे मूळ चेहरा राहतोच. काय नको ते व्हिडिओ चढवायच्या आधीच कापायला हवं.

‘अनलिस्टेड’ ठेवला तर, असंही त्यांनी विचारलं. त्याने एवढंच होतं की शोधून तो सापडत नाही. लिंक ज्याच्या हातात आहे तो पाहू शकतो आणि पुढे पाठवू शकतो, आणि आपल्याकडे लिंक एका ग्रुपवर पडली की संध्याकाळपर्यंत मामाच्या गावाला पोचलेली असते. तरीही ‘पब्लिक’पेक्षा बरं, म्हणून तेवढं त्यांनी मान्य केलं.

मग आम्ही तिथेच बसून चिठ्ठी पुन्हा लिहिली. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली, मी फक्त अडवत होते. ती अशी:

“सप्रेम नमस्कार. स्नेहसंमेलनातील नृत्य, लेझीम व बक्षीस समारंभ यांचा सुमारे वीस मिनिटांचा व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर ठेवण्याचा विचार आहे. तो लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल. शैक्षणिक वर्ष संपल्यावर तो काढला जाईल, मात्र कोणी उतरवून घेतला असल्यास ती प्रत शाळेला परत घेता येणार नाही. व्हिडिओत कोणत्याही मुलाचे नाव किंवा इयत्ता येणार नाही.
कृपया एकावर खूण करून सही करावी: माझा पाल्य दिसला तरी चालेल / माझा पाल्य दिसू नये.
कारण लिहू नये. कोणतीही खूण केली तरी पाल्याचा कार्यक्रमातील सहभाग तोच राहील. उत्तर न आल्यास ‘दिसू नये’ असे समजू. नंतर विचार बदलल्यास वर्गशिक्षिकेस एक ओळ लिहून द्यावी.”

‘उत्तर न आल्यास’ या वाक्यावर बाई अडल्या. “मग निम्मे पालक उत्तर देणारच नाहीत, व्हिडिओत राहणार कोण?” म्हणून उत्तराची मुदत आठ दिवसांऐवजी तीन आठवड्यांची ठेवली आणि मधे पालकसभा धरली. तिथे बाहेर पडताना दारातच कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन ठेवायचं ठरलं. तेवढ्याने बहुतेक उरलेली उत्तरं आली.

एक अट मी हट्टाने घातली. ‘नको’ म्हणणाऱ्यांची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकायची नाही. एका शाळेत मी हे घडलेलं पाहिलं आहे. वर्गशिक्षिकेने अगदी सरळ मनाने “खालील पालकांनी नकार दिला आहे, राहिलेल्यांनी त्वरित कळवावे” असं लिहून नावं टाकली, आणि दोन दिवसांत त्यातल्या तिघांनी कंटाळून ‘हो’ केलं. त्या ‘हो’ला काय अर्थ? इथे यादी वर्गशिक्षिका आणि लेझीमचे सर यांच्यापलीकडे गेली नाही.

चित्रीकरणाचं गणित लेझीमच्या सरांनी सोडवलं, मला ते सुचलं नसतं. लेझीममध्ये रांगा सारख्या बदलतात, त्यामुळे एका मुलीला सतत मागे ठेवता येत नाही. सरांनी फोटोग्राफरला सांगितलं की वर्तुळाचा भाग रंगमंचाच्या उजव्या बाजूनेच घ्यायचा. त्या वेळी ‘नको’वाली चारही मुलं वर्तुळाच्या अलीकडच्या अर्ध्यात, कॅमेऱ्याकडे पाठ करून येतील अशी त्यांनी जागा बदलून दिली. रांगांच्या भागात फक्त पायांची आणि लेझमांची जवळून दृश्यं. मुलांना वाटलं सरांनी चाल बदलली, आणि ती बदललीच होती.

व्हिडिओ तयार झाल्यावर तो संकलकाने नाही, वर्गशिक्षिकेने तपासायचा, असं ठरलं होतं. संकलकाला मुलं ओळखू येत नाहीत. वर्गशिक्षिकेने शाळा सुटल्यावर यादी शेजारी ठेवून, थांबवत थांबवत पाहिला. लेझीम स्वच्छ होती. पण बक्षीस समारंभात, एका मुलाला ढाल देताना, मागे पडद्याच्या फटीत आमची मुलगी उभी होती. हातात लेझीम, तोंड थेट कॅमेऱ्याकडे. सगळ्यांचं लक्ष लेझीमच्या भागाकडे होतं, बक्षिसाच्या नाही. तो तुकडा गेला आणि ढाल घेणाऱ्या मुलाचा फक्त फोटो तिथे लावला. ‘नको’ म्हणणारं मूल बहुधा त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमात सापडत नाही. ते दुसऱ्याच्या पाठीमागे, प्रेक्षकांत किंवा पडद्याआड सापडतं.

पालकांच्या मोबाइलवर मात्र शाळेचा ताबा नाही, आणि खरी गळती तिथूनच होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदकाने “फक्त आपल्याच मुलाचं चित्रीकरण करावं, स्टेटसला ठेवू नये” अशी विनंती केली. किती जणांनी ऐकलं ते सांगता येत नाही. हे मी आईलाही आधीच सांगून ठेवलं होतं. धोका शून्यावर आणता येईल असं वचन मी दिलं नाही. शाळेच्या फ्लेक्सचा रंगमंचावरचा भाग काढून तिथे नुसती फुलांची आरास करायची, हे बाईंनी आपणहून केलं. त्याने मोबाइलमधल्या व्हिडिओतूनही निदान शाळेचं नाव गेलं.

मुलीशी मी वेगळं बोलले होते. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, हे आईशी ठरवूनच. दहा वर्षांच्या मुलीला सगळं सांगायची गरज नसते, पण खोटंही सांगू नये. “तुझा चेहरा व्हिडिओत येणार नाही, आईने तसं ठरवलंय,” एवढं सांगितलं. तिने विचारलं, “मग मी नाचले हे कुणाला कळणारच नाही का?”

आईने पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या फोनवर तिची सगळी लेझीम टिपली. कॅमेरा मुलीवरून जराही हलवला नाही. तो व्हिडिओ त्या फोनच्या बाहेर गेलेला नाही. आजी दर रविवारी दुपारी जेवण झालं की तो मागते, आणि मुलगी शेजारी उभी राहून कुठल्या ठेक्याला सरांनी चाल बदलली ते तिला दाखवते.