दोन जनुकं गेली, पण कोणत्या जुवावरची?

प्रश्न: बायको तीन महिन्यांची गरोदर आहे. रिपोर्टात तिचं -α3.7/-α3.7 आणि माझं -α3.7/αα आलंय. अशानं बाळ पोटातच सुजून दगावतं, असं एकानं सांगितलं. खरं आहे का?

उत्तर:

नाही भाऊ, या रिपोर्टाप्रमाणे तसं होत नाही. मी यवतमाळकडं एका लहानशा लॅबमध्ये रक्त तपासतो, आणि हा घोळ नेहमी बघतो.

हा अल्फा थॅलेसेमियाचा मामला आहे. हिमोग्लोबिनमधली अल्फा साखळी बनवणारी अल्फा ग्लोबिनची जनुकं चार, त्यातली काही गेलेली असतात. दोन जू समजा, प्रत्येकाला दोन बैल. रिपोर्टातली तिरपी रेघ दोन जू वेगळी करते; α म्हणजे शाबूत बैल, आडवी रेघ म्हणजे गेलेला, आणि पुढचा आकडा कोणता तुकडा गेला ते सांगतो. आईबाप बाळाला सुटा बैल देत नाहीत, एक आख्खं जू देतात. तुमच्या बायकोच्या दोन्ही जुवांवर एकेक बैल शाबूत आहे, म्हणजे तिच्याकडून एक येणारच. तुमच्याकडून एक किंवा दोन. बाळाकडे दोन किंवा तीन चालू जनुकं असतील. तीन असली तर ते तुमच्यासारखं, कुणाला पत्ताही लागत नाही. दोन असली तर आईसारखं: पेशी लहान, हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी काही नाही.

भीती असते ती --/αα ची. तिथंही दोनच गेलेली, सीबीसीही तसाच दिसतो, पण एक जू पार रिकामं. तुमचं तसं असतं, तर निम्मी शक्यता अशी की बाळाकडे एकच चालू जनुक राहिलं असतं. तो हिमोग्लोबिन एच आजार. अल्फा कमी पडलं की उरलेल्या बीटा साखळ्या चार-चारच्या गठ्ठ्यानं जमतात आणि पेशी लवकर फुटतात. हिमोग्लोबिन बहुधा ७ ते १० च्या घरात, पानथरी वाढलेली. क्रेसिल ब्लूमध्ये ठेवलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं की पेशी सीताफळाच्या सालीसारखी ठिपकेदार दिसते. एकदा पाहिली की विसरत नाही.

दोघांचंही --/αα असेल, तर चारात एक शक्यता अशी की बाळाकडे एकही चालू जनुक नसेल. गर्भातल्या हिमोग्लोबिनलाही अल्फा लागतंच, म्हणून हा आजार जन्माची वाट बघत नाही. गर्भातल्या गॅमा साखळ्यांचे चार-चारचे गठ्ठे ऑक्सिजन धरून ठेवतात, सोडत नाहीत. बाळाचं हृदय थकतं, अंगात पाणी भरतं. तोच हायड्रॉप्स. हे रिकामं जू आग्नेय आशियात बरंच आढळतं. आपल्याकडं बहुतेक -α3.7 किंवा -α4.2 असतं.

एक मर्यादा सांगतो. ही तपासणी ठरावीक तुकडे गेलेत का तेच बघते, जनुकातली बारीक चूक तिला दिसत नाही. आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी नॉर्मल म्हणजे अल्फा थॅलेसेमिया नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका; याच्या वाहकात ए-टू हिमोग्लोबिन वाढत नाही.

आपल्या भागात खरी चिंता सिकलची. त्याची तपासणी दोघांची झाली नसेल तर याच आठवड्यात करा. बायकोच्या लोहाच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. पेशी लहान अल्फामुळंही असतात आणि लोह कमी असल्यानंही; आधी लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन बघा, मग डॉक्टरांना विचारा.