स्कॅनरसाठी मालकांना पत्र: मोजणीच्या चुकांचा वर्षाचा हिशेब कसा मांडावा

प्रश्न: इलेक्ट्रिकल मालाचं गोदाम सांभाळतो. हँडहेल्ड स्कॅनर मागितले की मालक म्हणतात, "वर्षअखेरीला स्टॉकचा फरक पन्नास-साठ हजारांचा येतो, त्यासाठी चार-पाच लाख कशाला घालू?" चुकांमुळे रोज किती त्रास होतो ते मला दिसतं, पण कागदावर मांडता येत नाही. कुणी असं पत्र दिलंय का? आकडे कुठून काढले?

उत्तर:

दिलंय, आणि पहिल्यांदा तोंडावर पडलोय. म्हणून आधी ते सांगतो.

तुमचे मालक बघतायत तो आकडा जास्ती आणि कमी यांची वजाबाकी होऊन उरलेला आहे. आमचं गोदाम भिवंडीत, माल तुमच्यासारखाच: एमसीबी, स्विच, वायर, फिटिंग. एका मार्चच्या मोजणीत ६,१०,००० रुपयांचा माल कमी भरला आणि ५,३५,००० चा जास्त. ताळेबंदात गेला फक्त ७५,००० चा फरक. मी आवेशात दोन्ही बाजू मिळवल्या आणि "साडेअकरा लाखांचं नुकसान" असं पत्रात ठोकून दिलं. आमच्या अकाउंट्सच्या साहेबांनी त्यावर लाल पेनने एवढंच लिहिलं, "जास्त भरलेला माल नुकसान कसा?" पत्र परत आलं.

त्यांचं बरोबर होतं. सी-१६ एमसीबीचे ४० नग कमी आणि शेजारच्या खणात बी-१६ चे ४२ जास्त. डबा तोच, रंग तोच, फरक फक्त एका अक्षराचा. यात माल कुठे गेलेला नाही, नावं बदललीत. अशा जोड्या लावत बसलो तेव्हा जवळपास साडेचार लाखांचा माल दोन्ही बाजूंनी जुळला. उरला तो खरा घोळ: १,६०,००० चा माल खरोखर नाही आणि ८५,००० चा जास्तीचा आहे. ही जोड्यांची यादी नीट जपा. ती तोटा म्हणून दाखवायची नाही, पण चुका कुठल्या जातीच्या होतात ते तीच सांगते.

आणखी एक गोष्ट मालकांच्या लक्षात आणून द्या, कारण ती बहुतेकांच्या हिशेबातून सुटते. नाहीसा झालेला माल खात्यातून काढून टाकला की त्यावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) तेच सांगतं: हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा राइट-ऑफ केलेल्या मालावर क्रेडिट नाही. १,६०,००० वर १८ टक्क्यांनी २८,८०० झाले. म्हणजे ७५,००० चा फरक प्रत्यक्षात १,०३,८०० ला पडला. आपल्या सीएंना विचारून हा आकडा त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, वजन येतं.

पण खरा पैसा मार्चमध्ये जात नाही, तो रोज थोडाथोडा जातो. आमचा सगळ्यात मोठा आकडा निघाला क्रेडिट नोटच्या फाइलमधून. बारा महिन्यांत चुकीचा माल, कमी माल, जास्त माल या कारणांच्या ३१२ क्रेडिट नोट, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी एक. एकीचा खर्च किती हे मी अंदाजाने नाही लिहिलं. फाइलमधून डोळे झाकून ३० काढल्या आणि प्रत्येकीबरोबरची ट्रान्सपोर्टची बिलं शोधली. माल परत आणायला आणि बरोबर माल पुन्हा पाठवायला सरासरी ६२० रुपये. परत आलेला माल तपासणं, नवीन चलन, ऑफिसचे फोन यात दीड तास, १४० च्या दराने २१०. पॅकिंगचे ५०. एकूण ८८०. गुणिले ३१२ म्हणजे २,७४,५६०.

दुसरी जागा शोधाशोधीची. सिस्टिममध्ये २४ नग, खणात एकही नाही. पिकर आजूबाजूची रॅक चाळतो, मग सुपरवायझरला बोलावतो, मग दोघं मिळून वरचे खोके उतरवतात. यासाठी डिस्पॅचच्या खांबाला एक वही दोरीने बांधली. माल सापडेना की वस्तूचं नाव, शोधायला लागल्याची वेळ, संपल्याची वेळ लिहायची. पोरांनी तिचं नाव "हरवलं-सापडलं" ठेवलं. कामाच्या १२ दिवसांत ५८ तास भरले, वर्षाच्या ३०० दिवसांना १,४५०.

इथे मी दुसऱ्यांदा चुकलो असतो. या सगळ्या तासांना पगाराने गुणून मोकळा होणार होतो. पण पगार तर शोधाशोध नसली तरी द्यायचाच आहे, तो वाचत नाही. वाचतो फक्त ओव्हरटाइम. म्हणून मस्टर समोर ठेवून ज्या दिवशी ओव्हरटाइम लागला त्या दिवसांचेच तास धरले, वर्षाचे ६०० झाले. ओव्हरटाइम दुप्पट दराने, आमच्याकडे तासाला १८०, म्हणजे १,०८,०००. बाकीचे ८५० तास पत्रात लिहिले, पण त्यांच्यापुढे रुपये लिहिले नाहीत.

शेवटचा खर्च मोजणीचाच. वर्षातून दोनदा दोन-दोन दिवस गोदाम बंद, बाहेरची माणसं, कागदावर मोजून मग रात्री कॉम्प्युटरवर चढवणं. दोन्ही वेळचे मिळून १,४०,०००.

मिळून ६,२६,३६०. हा झाला चुकांचा आणि मोजणीचा खर्च. स्कॅनर आणल्यावर तो सगळा वाचेल असं चुकूनही लिहू नका. पत्र इथेच टिकतं किंवा पडतं.

मी शेवटच्या १०० क्रेडिट नोट कारणाप्रमाणे वेगळ्या केल्या. ६१ मध्ये वस्तूच चुकीची गेली होती, २७ मध्ये वस्तू बरोबर पण नग चुकले होते, १२ बिलिंगच्या किंवा पत्त्याच्या. स्कॅनर पहिली जात पकडतो, कारण ऑर्डरमध्ये सी-१६ असताना बी-१६ समोर धरला की तो ओरडतो. दुसरी जात पकडत नाही. पिकर एक डबा स्कॅन करून हाताने २० टाइप करतो, पेटीत १८ गेले तरी यंत्राला काय कळणार? तिसरीशी त्याचा संबंधच नाही. म्हणून ६१ पैकीही ५० च धरले, म्हणजे निम्मी बचत. राइट-ऑफमध्ये चोरी किती, मोडतोड किती आणि चूक किती हे मला वेगळं काढता येईना, तिथे शून्य लिहिलं. साहेब नंतर म्हणाले की बाकीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसला तो या शून्यामुळे.

दुसऱ्यांदा दिलेलं पत्र जवळपास असं होतं. आकडे तुमचे घाला:

> विषय: डिस्पॅच व स्टॉक मोजणीसाठी हँडहेल्ड स्कॅनर घेण्याबाबत
>
> महोदय,
>
> मागील आर्थिक वर्षात मोजणीच्या व माल उचलण्याच्या चुका आणि हातमोजणी यांवर झालेला खर्च पुढीलप्रमाणे आहे. चुकीचा माल परत आणणे व पुन्हा पाठवणे रु. २,७४,५६०, राइट-ऑफ व परत केलेले टॅक्स क्रेडिट रु. १,०३,८००, माल शोधण्यात गेलेला ओव्हरटाइम रु. १,०८,०००, दोन वार्षिक मोजण्या रु. १,४०,०००. एकूण रु. ६,२६,३६०. प्रत्येक आकड्याचा आधार (क्रेडिट नोट, ट्रान्सपोर्ट बिले, मस्टर, शोधवही) सोबत जोडला आहे.
>
> यापैकी स्कॅनरमुळे वाचेल असे मी पुढीलच धरले आहे: चुकीच्या मालाचा निम्मा खर्च रु. १,३७,२८०, ओव्हरटाइमचा निम्मा रु. ५४,०००, मोजणीचा निम्मा रु. ७०,०००. एकूण रु. २,६१,२८०. राइट-ऑफमधील बचत धरलेली नाही. माल नसल्यामुळे गेलेल्या ऑर्डरही धरलेल्या नाहीत.
>
> एकदाच होणारा खर्च जीएसटी वगळून: ६ स्कॅनर रु. २,२८,०००, लेबल प्रिंटर व रॅकची लेबले रु. ६२,०००, वाय-फाय रु. ४५,०००, सध्याच्या सॉफ्टवेअरशी जोडणी रु. १,२०,०००. एकूण रु. ४,५५,०००. त्यानंतर दरवर्षी लायसन्स, रिबन, दुरुस्ती रु. ७२,०००.
>
> वार्षिक खर्च वजा जाता निव्वळ बचत रु. १,८९,२८०. गुंतवणूक सुमारे २९ महिन्यांत वसूल होईल.
>
> स्कॅनरने चोरी, पुरवठादाराच्या बंद पेटीतील तूट व हाताने टाकलेले चुकीचे नग थांबणार नाहीत, हे नमूद करतो.

जीएसटी वगळला कारण स्कॅनरवरच्या कराचं क्रेडिट आम्हाला मिळतं. तुमच्याकडे मिळत नसेल तर तो धरा.

मालकांनी एकच प्रश्न विचारला: "एका वेळी माल उचलणारे किती असतात?" चार. "मग सहा कशाला?" उत्तर नव्हतं. चारावर आलो, ७६,००० कमी झाले, ३,७९,००० मंजूर. लायसन्स गोदामागे होतं, त्यामुळे वर्षाचा खर्च तोच राहिला आणि वसुली २४ महिन्यांवर आली. मागणीत थोडी हवा असली की ती काढून घेतल्याचं समाधान मालकांना मिळतं असं काही जण म्हणतील, पण माझ्या बाबतीत ती चूकच होती.

आता कोटेशन मागवायच्या आधी करायचं काम. डेमोचा एक स्कॅनर दोन दिवस मागून घ्या आणि तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पन्नास वस्तूंची बाहेरची पेटी, आतला डबा आणि सुटा नग असं तिन्ही स्कॅन करून बघा. आमच्याकडे काही पुरवठादारांच्या पेटीवर आणि नगावर एकच बारकोड निघाला. २० नगांची पेटी स्कॅन केली की स्टॉकमध्ये एक चढायचा. नियमाने पेटीचा कोड वेगळा असायला हवा, सहसा १४ आकड्यांचा, पण सगळे पाळत नाहीत. अशा वस्तूंना स्वतःचं लेबल लावावं लागलं, आणि ते लावणाऱ्या माणसाचे रोजचे दोन तास माझ्या पत्रात कुठेच नव्हते. तुमच्या पत्रात ते असू द्या.

दुसरं, सॉफ्टवेअरवाल्याला सांगून आधी खणाचं लेबल आणि मग वस्तू, असे दोन स्कॅन सक्तीचे करून घ्या. आमच्या एका पिकरने भराभर जाणाऱ्या आठ-दहा वस्तूंची लेबलं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. टेबलाशी उभं राहून तो पुठ्ठाच स्कॅन करायचा आणि माल मात्र नेहमीसारखा डोळ्यांनी ओळखून उचलायचा. तीन आठवडे त्याच्या ऑर्डरी सगळ्यात जलद निघत होत्या, मी त्याचं कौतुकही केलं होतं. बी-१६ परत यायला लागले तेव्हा पुठ्ठा सापडला.