थिअरीच्या उत्तरात कारखाना आण

मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या पेपरासाठी रिस्पॉन्सिबिलिटी सेंटरचे, म्हणजे एकेका मॅनेजरच्या जबाबदारीतल्या विभागांचे, प्रकार पाठ केलेस, ठीक. पण व्याख्यांवर उत्तर संपवू नकोस. मॅनेजरच्या हातात काय आहे, तिथून सुरू कर. सोलापुरातला टॉवेलचा एखादा कारखाना घे. रंगाई खात्याचा प्रमुख रंगाचा खर्च आवरू शकतो, विक्रीचा भाव ठरवत नाही. म्हणून ते कॉस्ट सेंटर. मुख्य कार्यालयाचं भाडं त्याच्या माथी मारून त्याची कामगिरी मोजायची नाही, हे वाक्य लिहीच.

खरी गंमत इन्व्हेस्टमेंट सेंटरमध्ये आहे, जिथे मॅनेजर नफ्यासोबत गुंतवणुकीलाही जबाबदार असतो. समज, युनिटमध्ये ५० लाख गुंतलेत आणि नफा १० लाख, म्हणजे आरओआय २० टक्के. १० लाखांचा नवा माग वर्षाला १.६ लाख नफा देणार आहे आणि भांडवलाचा खर्च १२ टक्के आहे. माग घेतला तर आरओआय १९.३३ टक्क्यांवर येतो, म्हणून बोनसवर डोळा असलेला मॅनेजर तो नाकारतो. रेसिड्युअल इन्कम, म्हणजे भांडवलाचा खर्च वजा करून उरणारा नफा, मात्र ४ लाखांवरून ४.४ लाखांवर जातं, म्हणजे कंपनीचा तोटा मॅनेजरच्या नकारातच आहे.

बॅलन्स्ड स्कोअरकार्डच्या उत्तरातही हे उदाहरण चालतं, कारण एकाच आर्थिक आकड्यावर माणूस तोलला की काय होतं ते त्यात दिसतं. झिरो-बेस्ड बजेटिंगमध्ये मात्र ते ओढू नकोस. तिथे डिसिजन पॅकेज आणि त्यांचा प्राधान्यक्रम लागतो.