चोराच्या मनातलं चांदणं आणि दारातला बूट

*ताई, माझ्या नवऱ्याला (वय ४६) दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत साखर निघाली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ९.१. सासऱ्यांचा पाय साखरेपायीच कापावा लागला होता. हे म्हणतात, "लॅब चुकली." रिपोर्ट लाइटबिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकलाय, चहात दोन चमचे साखर चालूच आहे. मी विषय काढला की "तूच घाबरट, तुला सगळीकडे आजार दिसतात." साहेबांशी वाजलं की घरी येऊन मुलावर ओरडतात, परवा दारात बूट पडला होता म्हणून. हे मुद्दाम करतात का? मी काय करू?*

मुद्दाम नाही, आणि अडचण तीच आहे.

आपल्याकडे अशा माणसाला म्हणतात, मांजर डोळे मिटून दूध पितं. पण आपण दूध पितोय हे मांजराला ठाऊक असतं. तुमच्या यजमानांना रिपोर्टचा अर्थ खरोखरच आत पोचत नाहीये. झेपणार नाही अशी गोष्ट मन दाराबाहेरच थोपवतं आणि आपण असं काही करतोय हे त्या माणसाला कळूही देत नाही. फ्रॉइडने १८९४ मध्ये याला 'संरक्षण' म्हटलं. पुढे त्याच्या मुलीने, ॲना फ्रॉइडने, १९३६ मध्ये अशा यंत्रणा एकत्र मांडल्या. तुमच्या घरात त्यातल्या तीन नांदताहेत.

पहिली नकाराची. 'लॅब चुकली' हे वाक्य शंकेचंही असू शकतं आणि नकाराचंही. शंका असलेला माणूस आठवड्याभरात दुसऱ्या लॅबमध्ये जातो. नकार असलेला कुठेच जात नाही, रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकतो. पहिले चार-सहा दिवस असा नकार बरासुद्धा असतो, धक्का पचायला वेळ मिळतो. दोन महिने झाले की मात्र तो शरीराला महागात पडतो. वडिलांचा पाय ज्याने डोळ्यांनी पाहिलाय, त्याला या आकड्याची भीती इतरांपेक्षा जास्त वाटणार, हेही धरून चला.

मग ती भीती गेली कुठे? तुमच्याकडे आली. "तूच घाबरट" हे प्रक्षेपण आहे: स्वतःत सहन न होणारी भावना दुसऱ्यात दिसू लागते. चोराच्या मनात चांदणं असं आपण म्हणतो खरं, पण चोराला आपण चोर असल्याचं ठाऊक असतं. इथे ते ठाऊक नसतं. शिवाय प्रक्षेपण हवेत टांगत नाही, त्याला खुंटी लागते, आणि ती खुंटी तुम्ही आहात, कारण तुम्ही खरंच घाबरला आहात. तुम्ही दोघांच्या वाटणीचं घाबरता, म्हणून ते निवांत राहू शकतात. तुम्ही जितकं मागे लागाल तितके ते शांत होतील. दोन दिवस साखरेबद्दल चकार शब्द काढू नका आणि बघा: ते स्वतःच अस्वस्थ झाले, उगाच "आज काही बोलत नाहीस?" असं म्हणाले, तर माझा अंदाज बरोबर.

तिसऱ्या प्रकारासाठी आपली म्हण अगदी चपखल आहे, वड्याचं तेल वांग्यावर. मानसशास्त्रात त्याला विस्थापन म्हणतात. साहेबावर ओरडलं तर नोकरी जाईल, मुलावर ओरडलं तर काहीच जात नाही, म्हणून राग तिकडे वळतो. ओळखायची खूण अशी की रागाचं माप बुटाच्या मापाचं नसतं. त्यात आता साखरेच्या भीतीचीही भर पडत असणार. मुलाला बाजूला घेऊन सांगा, "बूट जागेवर ठेव, पण बाबा एवढे चिडले ते बुटामुळे नाही." त्याने स्वतःला दोषी धरू नये एवढंच. हात उगारला गेला तर मात्र मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा. कारण कळलं म्हणून मार सोसायचा नसतो.

एक कराच: यातला एकही शब्द त्यांच्यासमोर काढू नका. "तुम्ही प्रक्षेपण करताय" हे भांडणात शस्त्र होतं, आणि हल्ला झाला की संरक्षण आणखी पक्कं होतं. (मी स्वतः हे शिकण्याच्या पहिल्याच वर्षी घरात सगळ्यांना अशी नावं ठेवली होती. महिनाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही.)

त्यापेक्षा त्यांच्याच वाक्याला धरा. "लॅब चुकली असेल, तुमचं खरं. तुम्ही सांगाल त्या लॅबमध्ये परत करू." यात तुम्ही खोटंही बोलत नाही. एचबीएवनसीचा आकडा ६.५ च्या वर, म्हणजे मधुमेहात, गेला तरी लक्षणं नसतील तर डॉक्टर स्वतःच तपासणी पुन्हा करून खात्री करतात. लॅब त्यांनी निवडली की नकाराला टेकायला जागा उरत नाही, आणि तुम्हाला त्यांच्याशी भांडावंही लागत नाही. रिपोर्ट त्यांच्याच मोबाइलवर येऊ दे, तुम्ही आधी उघडू नका. भीती ज्याची आहे त्याच्या हातात आधी पडू दे. त्या रात्री ते गप्प राहिले किंवा चिडले, तर घाईने समजूत काढायला जाऊ नका.

रविवारी सकाळी जा. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, ते चहा पिऊन निघाले तरी चालेल. दोन चमचे घातलेला असला तरी त्या दिवशी काही बोलू नका.