आकुंचन, प्रसरण आणि 'भरणे'

प्रश्न: "बी.एस्सी.च्या वर्गात विशिष्ट सापेक्षता मराठीतून समजावताना मी धावत्या गाडीचं उदाहरण घेते. 'टाइम डायलेशन'ला कालप्रसरण म्हणावं की काळ मंदावणं? आणि 'लेंग्थ काँट्रॅक्शन'ला आकुंचन म्हटलं की मुलं विचारतात, डबा खरंच दबतो का? म्हणून मी 'आकुंचन पावल्यासारखा भासतो' असं सांगते. हे बरोबर आहे का?"

'भासतो' मात्र काढून टाकावा, असं मला मनापासून वाटतं. मृगजळ भासतं, जवळ जाऊन मोजायला घेतलं की ते नाहीसं होतं. इथे उलट आहे. पट्टी आणि घड्याळ घेऊन, काटेकोरपणे मोजल्यावरच डबा आखूड ठरतो.

मुलांचा 'दबतो का' हा प्रश्न मात्र शब्दामुळेच येतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. प्रसरण आणि आकुंचन ही जोडी त्यांना शाळेतल्या उष्णतेच्या धड्यात भेटलेली असते. उन्हात रूळ प्रसरण पावतात म्हणून सांध्यात फट ठेवतात, थंडीत तारा आकुंचन पावतात. तिथे वस्तूतले अणू खरोखर दूर किंवा जवळ येतात. तोच शब्द गाडीच्या डब्याला लावला की मुलं साहजिकच डब्याच्या पत्र्यात काहीतरी घडताना पाहू लागतात. इंग्रजी शब्दालाही हा इतिहास चिकटलेला आहे. १८८७ च्या मायकेलसन–मॉर्ले प्रयोगाचा उलगडा करण्यासाठी फिट्झजेराल्डने १८८९ मध्ये आणि लॉरेन्ट्झने १८९२ मध्ये आकुंचनाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या मनात वस्तूच्या रेणूंमधली बलं बदलतात असंच होतं. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तेच गुणोत्तर काळ आणि अंतर मोजण्याच्या पद्धतीतून काढलं. अर्थ बदलला, नाव जुनंच राहिलं.

मराठीत याला नेमकं बसणारं एक क्रियापद आपल्या रोजच्या वापरात आहे: भरणे. कापड अडीच मीटर भरलं, पोतं पन्नास किलो भरलं. 'भरलं' म्हणताना आपण वस्तू बदलली असं म्हणत नाही, आणि तसं नुसतं वाटलं असंही म्हणत नाही. मोजलं तेव्हा इतकं आलं, एवढंच म्हणतो. आता गाडीचा प्रयोग या क्रियापदातून मांडून पाहू.

गाडीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ०.६ पट धरू. सेकंद इथे फार मोठा पडतो, म्हणून प्रकाशाला एक मीटर जायला लागणाऱ्या वेळेला या उत्तरापुरतं 'क्षण' म्हणू. तो साधारण ३.३ नॅनोसेकंद असतो. म्हणजे प्रकाश एका क्षणात १ मीटर जातो आणि गाडी ०.६ मीटर. डब्यात जमिनीपासून ४ मीटर उंचीवर छताला आरसा आहे. जमिनीवरून निघालेला प्रकाश आरशाला लागून परत जमिनीवर आला की घड्याळाचा एक ठोका झाला.

डब्यात बसलेल्या बाईंच्या दृष्टीने प्रकाश सरळ वर ४ मीटर गेला आणि सरळ खाली ४ मीटर आला. अवधी ८ क्षण. फलाटावरच्या माणसाला प्रकाश तिरका जातो. प्रकाश वर पोचेपर्यंत डबा ३ मीटर पुढे सरकतो. उभी बाजू ४, आडवी ३, म्हणून तिरकी ५. परतीलाही ५. प्रकाशाचा वेग दोघांनाही सारखाच, हा सापेक्षतेचा आधारच आहे. त्यामुळे फलाटावर तोच ठोका १० क्षणांचा होतो. तेवढ्या वेळात डबा ६ मीटर पुढे गेलेला असतो. (उंची दोघांना ४ मीटरच का, हे कुणी विचारेल. समजा वेगामुळे उंची कमी होत असती. डब्याच्या आणि बोगद्याच्या भिंतीवर एकाच उंचीवर एकमेकांकडे रोखलेले दोन कुंचले लावा. बोगद्यातला माणूस म्हणेल की डब्याचा पट्टा खाली उमटला, डब्यातला म्हणेल वर उमटला. भिंतीवरचा रंग दोघांनाही एकच दिसणार, म्हणून हे शक्य नाही.)

आता शब्द पाहा. ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा अवधी गाडीत ८ क्षण भरतो, फलाटावर १० क्षण भरतो. वाढला तो 'अवधी', म्हणजे दोन ठरावीक घटनांमधलं अंतर. 'काळ' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे वाहती नदी येते आणि ती कुणासाठी तरी संथ झाली असं वाटतं. म्हणून 'काळ मंदावणं' मला पटत नाही. डब्यातल्या बाईंना काहीच मंद झालेलं नाही. त्यांची नाडी, त्यांचा चहा निवणं, सगळं त्यांच्या घड्याळाशी जुळूनच चाललंय.

'प्रसरण' शब्दात आणखी एक गोची होते. अवधी वाढला म्हणजे गाडीतलं घड्याळ जास्त वेळ दाखवतं, म्हणजे ते पुढे जातं, असा उलटा अर्थ वर्गातली हुशार मुलंही काढतात. त्यांना एवढंच विचारावं: फलाटावर १० क्षण झाले तेव्हा गाडीतल्या घड्याळाने किती दाखवले? ८. मग ते मागे पडतंय. अवधी लांबला आणि घड्याळ मागे पडलं, ही एकाच गोष्टीची दोन वाक्यं आहेत. मात्र या घटना डब्यात एकाच जागी घडल्या, हे सांगायला विसरू नये. फलाटावरचं घड्याळ गाडीतून मोजलं तर तेही याच प्रमाणात, १.२५ पटीने, मागे पडतं.

आणि याच वाक्यातून लांबी निघते. डब्याची लांबी डब्यात बसून मोजली तर २५ मीटर भरते. फलाटावर एक खांब आहे, त्यावर घड्याळ आहे. डब्याचं पुढचं टोक खांबापाशी आलं की सुरू, मागचं टोक आलं की बंद. गाडीतल्या बाई म्हणतात: खांब ०.६ च्या वेगाने माझ्या २५ मीटरच्या डब्याशेजारून मागे गेला, त्याला २५ ÷ ०.६, म्हणजे सुमारे ४१.७ क्षण लागले. पण खांबावरचं घड्याळ मागे पडतं, त्याने ४१.७ ÷ १.२५, म्हणजे ३३.३ क्षणच दाखवले. फलाटावरच्या माणसासाठी ते त्याचं स्वतःचं, बिनचूक घड्याळ आहे. तो गुणाकार करतो: ३३.३ × ०.६, लांबी २० मीटर. डब्याला कुणी हात लावला नाही, पत्र्याला कुठे सुरकुती पडली नाही. डबा फलाटावर २० मीटर भरला.

तरीही एखादा विद्यार्थी अडून बसेल: "पण खरी लांबी २५ना?" इथे घाई करू नये, कारण गाठ इथेच आहे. धावत्या वस्तूची लांबी मोजायची म्हणजे तिची दोन्ही टोकं एकाच वेळी कुठे होती हे बघायचं. फलाटावरच्या माणसाने दोन मदतनिसांना बरोबर एकाच वेळी खडूच्या खुणा करायला सांगितल्या, एक पुढच्या टोकाशी आणि एक मागच्या. खुणांमधलं अंतर २० मीटर भरलं. गाडीतल्या बाईंच्या घड्याळांप्रमाणे मात्र या खुणा एकाच वेळी झाल्याच नाहीत: पुढची आधी झाली आणि मागची १५ क्षण उशिरा. तेवढ्या वेळात फलाट, आणि त्यावरची पुढची खूण, ९ मीटर मागे सरकली. म्हणून २५ मधून ९ गेले आणि दोन खुणांमध्ये १६ मीटर उरले. फलाटाची २० मीटरची पट्टी गाडीतून १६ मीटर भरायला हवी (२० ÷ १.२५), आणि ती तेवढीच भरली. दोघांचा हिशोब चोख जुळतो. मतभेद आहे तो 'एकाच वेळी' या शब्दांवर. मराठीत आपण 'एकाच वेळी' म्हणून थांबतो. या वर्गात 'कुणाच्या घड्याळांनी एकाच वेळी' असं पूर्ण म्हणायची सवय लावली, तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

'डबा आखूड दिसतो' हेही टाळावं, ते 'भासतो'इतकंच फसवं आहे. डोळ्यापर्यंत किंवा कॅमेऱ्यापर्यंत डब्याच्या दूरच्या टोकाचा प्रकाश उशिरा येतो आणि जवळच्या टोकाचा लवकर, त्यामुळे छायाचित्रात वेगळंच रूप उमटतं. पेनरोझ आणि टेरेल यांनी १९५९ मध्ये स्वतंत्रपणे हे दाखवलं. वेगाने जाणाऱ्या गोलाची बाह्यरेषा छायाचित्रात गोलच राहते. २० मीटर हा आकडा प्रकाशाच्या प्रवासाला लागलेला वेळ वजा केल्यानंतरचा आहे.

मग नाव काय द्यावं? काळासाठी मी 'कालविस्फारण' निवडेन. डोळे विस्फारले जातात, डॉक्टर बाहुली विस्फारण्याचे थेंब घालतात. 'डायलेशन'चा मूळ अर्थ त्यात आहे आणि उष्णतेचा वास नाही. लांबीसाठी 'आकुंचन' इतकं रुळलंय की ते बदलायचा हट्ट धरू नये. मथळ्यात राहू द्या, पण वाक्यात 'डबा आकुंचन पावतो' असं लिहू नका. 'फलाटाच्या मोजणीत डबा २० मीटर भरतो' असं लिहा. 'पावतो'मध्ये डब्याला काहीतरी झाल्याचा सूर येतो आणि मोजणारा गायब होतो. 'भरतो' म्हटलं की कुणाच्या मोजणीत, हे सांगावंच लागतं.

आणि 'खरंच का?' याला उत्तर म्हणून म्युऑन सांगा. वैश्विक किरणांमुळे वातावरणात उंचावर तयार होणारे हे कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतात. तेवढ्या वेळात प्रकाशही सुमारे ६६० मीटरच जातो, तरी ते जमिनीवर भरपूर सापडतात. प्रकाशाच्या ०.९९५ पट वेगाने येणारा म्युऑन घ्या, गाडीसाठी जो गुणक १.२५ होता, तो त्याच्यासाठी जवळपास १० आहे. आपल्या मोजणीत त्याचं सरासरी आयुष्य २२ मायक्रोसेकंद भरतं आणि तो सुमारे ६.६ किलोमीटर येतो. त्याच्या सोबत चाललेल्या घड्याळात २.२ मायक्रोसेकंदच होतात, आणि वातावरणाचा तोच ६.६ किलोमीटरचा थर त्याच्या मोजणीत ६६० मीटर भरतो.